विकलेल्या पेन्शनचा पंधरा वर्षांचा हिशोब

पेन्शन विकावी की नाही, असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका गुणाकाराचे उत्तर मिळते. कोणीतरी कागदावर आकडे मांडून दाखवते: आज हातात येतात साडेएकोणीस लाखांच्या आसपास, आणि पंधरा वर्षांत कापले जातात छत्तीस लाख. मग कोणी म्हणते, सरकार लुटते आहे. कोणी म्हणते, असू दे, रोख पैसा हातात बरा. दोघांचेही उत्तर कधी बरोबर निघते, कधी चूक. पण दोघांचा हिशोब मात्र प्रत्येक वेळी चुकलेला असतो, कारण दोघेही वेगवेगळ्या तारखांचे रुपये एकाच बेरजेत घालतात. सरकारी नोकरीतून जुन्या पेन्शन योजनेखाली निवृत्त होणाऱ्या माणसापुढे आयुष्यात एकदाच येणारा आणि मागे न घेता येणारा हा निर्णय आहे. पैशाचे मूल्य काळाबरोबर कसे बदलते, हे समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. येथे आकडे ठरलेले आहेत, तारखा ठरलेल्या आहेत आणि देणारा पक्ष बुडणारा नाही. अनिश्चित गोष्टी दोनच: माणूस किती जगेल आणि तो पैशांचे काय करेल.

आधी व्यवहार नीट पाहू. सरकारी भाषेत याला निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात, बोलण्यात कम्युटेशन किंवा सरळ ‘पेन्शन विकणे’. केंद्र सरकारच्या नियमांनुसार मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो. विकलेल्या मासिक रकमेला बाराने गुणायचे आणि मग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय धरायचे ते पुढच्या वाढदिवसाचे. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचे ते ६१ असते आणि त्याचा गुणक ८.१९४. पुढच्या वाढदिवशी ५९ पूर्ण होणार असतील तर गुणक ८.३७१. मूळ पेन्शन ५०,००० रुपये असलेल्या एका साठीच्या माणसाचे उदाहरण घेऊ. त्याने ४० टक्के, म्हणजे दरमहा २०,००० रुपये विकले. २०,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे १९,६६,५६० रुपये त्याला एकरकमी मिळतात. बदल्यात त्याच्या पेन्शनमधून दरमहा २०,००० रुपये पंधरा वर्षे कापले जातात आणि पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. यातल्या तीन गोष्टी पुढे फार कामाला येणार आहेत. महागाई भत्ता कापलेल्या पेन्शनवर नव्हे, तर मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. मधल्या काळात पेन्शनधारकाचा मृत्यू झाला तर कपात तिथेच थांबते, कुटुंब निवृत्तिवेतनातून एक रुपयाही वळता होत नाही. आणि सरकारी कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या या एकरकमी रकमेवर प्राप्तिकर नाही.

आता तो प्रसिद्ध आक्षेप. १९,६६,५६० ला २०,००० ने भागले की ९८.३ येतात, म्हणजे ९८ महिने, आठ वर्षे दोन महिने. तेवढ्यात सरकारची रक्कम वसूल झाली, पुढची सहा वर्षे दहा महिने फुकटची वसुली, असे म्हणतात. भागाकार अचूक आहे. पण तो ज्या गृहीतावर उभा आहे ते उघड बोलून दाखवले तर बोलणाराच मान्य करणार नाही. ते गृहीत असे की आज घेतलेले वीस लाख आठ वर्षांत थोडेथोडे करून परत द्यायचे आणि व्याज शून्य. तोच माणूस स्वतःचे वीस लाख बँकेत ठेवताना शून्य व्याज घेईल का? भाच्याला घर बांधायला दिले तर कदाचित घेईल, पण तेव्हाही आपण व्याज सोडले हे त्याला पक्के माहीत असेल.

आज हातात असलेला रुपया उद्या मिळणाऱ्या रुपयापेक्षा मोठा असतो, कारण आजचा रुपया कामाला लावता येतो. दर वर्षाला ८ टक्क्यांनी तो कामाला लागत असेल, तर आजचे १८,५१९ रुपये वर्षभराने २०,००० होतात. तेव्हा वर्षभराने मिळणाऱ्या वीस हजारांची आजची किंमत १८,५१९ रुपयेच. त्याहून अधिक कोणी मागितले तर देऊ नये, कमीत मिळत असेल तर घ्यावे. हाच भागाकार दर वर्षी पुन्हा करायचा. पाच वर्षांनी मिळणाऱ्या वीस हजारांना आज १३,६१२ रुपये मोल येते, दहा वर्षांनी मिळणाऱ्यांना ९,२६४ आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी कापल्या जाणाऱ्या वीस हजारांना फक्त ६,३०५. या उलट्या चक्रवाढीत ज्या दराने भागतो त्याला वटाव दर म्हणू. छत्तीस लाखांची जी बेरीज वर केली, तिच्यात या पंधराव्या वर्षाच्या रुपयालाही पहिल्या महिन्याच्या रुपयाइतकेच वजन दिले होते. १८० हप्त्यांपैकी प्रत्येकाला त्याच्या तारखेप्रमाणे ८ टक्क्यांनी मागे आणले आणि मग बेरीज केली, तर छत्तीस लाखांची आजची किंमत २१ लाख २९ हजारांच्या जवळ येते. हातात आले १९ लाख ६७ हजार. सोळा लाखांची वाटलेली तफावत १ लाख ६२ हजारांवर आली. ती उरतेच, आणि तिच्याबद्दल बोलायचे आहे. पण ती लूट नव्हे, एका व्यवहाराची किंमत आहे.

या हिशोबाचा खरा उपयोग कळतो तो प्रश्न उलटा केल्यावर. किती वर्षांत वसुली पूर्ण होते, असे न विचारता असे विचारावे की अमुक वर्षांत वसुली पूर्ण झाली असे म्हणणारा कोणता व्याजदर मनात धरतो आहे? आपल्या उदाहरणात शून्य टक्के धरले की आठ वर्षे दोन महिने. ६ टक्के धरले की साधारण अकरा वर्षे दोन महिने. ७ टक्के धरले की जवळजवळ नेमकी बारा वर्षे, ८ टक्के धरले की तेरा. आणि पंधरा वर्षे पूर्ण कपात झाली तर हा दर वर्षाला ९.४ टक्क्यांच्या आसपास पडतो. कर्मचारी संघटना गेली कित्येक वर्षे पेन्शन पंधराऐवजी बारा वर्षांनी पूर्ववत करा अशी मागणी करत आहेत. ही मागणी ‘आमचे वसूल झाले, आता थांबा’ अशा शब्दांत मांडली जाते, तेव्हा समोरचा अधिकारी तिला भावनेची बाब समजून बाजूला ठेवू शकतो. तीच ‘आमच्याकडून ९.४ ऐवजी ७ टक्के घ्या’ अशी मांडली, तर तिच्यावर वाद घालता येतो, आणि माझ्या मते तो वाद संघटनांना बराच अनुकूल आहे.

कारण इतिहास असा. एकेकाळी विकलेली पेन्शन कधीच परत मिळत नसे, माणूस नव्वद वर्षे जगला तरी कपात चालूच. १९८६ साली ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत करण्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायालयाने तेव्हा दोन गोष्टी विचारात घेतल्या. पेन्शनधारकाला रक्कम आधी एकत्र मिळते, हा एक लाभ. आणि तो मध्येच गेला तर उरलेली रक्कम सरकार सोडून देते, हा दुसरा. म्हणजे पंधरा वर्षांच्या आकड्यात व्याजही आहे आणि विमाही आहे. पण त्या काळचा गुणक वेगळा होता. जुन्या तक्त्यात ६१ वयासाठी तो ९.८१ होता. त्या गुणकाने आपल्या माणसाला २३,५४,४०० रुपये मिळाले असते आणि पंधरा वर्षांच्या कपातीचा दर पडला असता वर्षाला सुमारे ६.३ टक्के. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली नवा तक्ता आला, तो ८ टक्के व्याज धरून केलेला. गुणक ८.१९४ झाला, हातात येणारी रक्कम ३ लाख ८७ हजारांनी घटली, वर्षे मात्र पंधराच राहिली. तेव्हाच्या व्याजदरांकडे पाहिले तर ८ टक्के अवाजवी नव्हते. पण नंतर व्याजदर उतरले. २०२० च्या एप्रिलपासून दोन वर्षांहून अधिक काळ ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ७.४ टक्के होता, तक्ता तिथल्या तिथेच. व्याजदर बदलत राहतो आणि तक्ता वर्षानुवर्षे बदलत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. फुकटची वसुली ही नव्हे.

येथे एक शंका हमखास येते. पैशाची किंमत घटते ती महागाईने. मग व्याजाचा हिशोब कशाला, महागाईचा करा. महागाई हे एक कारण आहे, एकमेव नाही. उद्या महागाई शून्य झाली, पंधरा वर्षे डाळ-तांदूळ एकाच भावाने मिळाले, तरी आजचे वीस हजार पंधरा वर्षांनंतरच्या वीस हजारांपेक्षा मोठेच राहतील. आजच्या पैशाने कर्ज फेडता येते, दुकान टाकता येते, दुसऱ्याला वापरायला देऊन मोबदला घेता येतो. आणि उद्याचा पैसा येईल की नाही याची धाकधूक आजच्या पैशाला नसते. बँकेचा व्याजदर पाहिला तर या सगळ्याची मोजदाद त्यात झालेली असते, महागाईच्या अंदाजासकट. म्हणून वटाव दर व्याजाच्या बाजाराकडून घ्यावा आणि त्यात महागाई पुन्हा मिळवू नये, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. महागाईचा विचार या व्यवहारात वेगळ्या जागी करायचा आहे. विकलेले वीस हजार पंधरा वर्षे वीसच हजार राहतात. कपात महागाईबरोबर वाढत नाही आणि महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळतो, म्हणजे वाढत जाणारा भाग माणसाने विकलेलाच नाही. विकला आहे तो फक्त गोठलेला भाग. पेन्शन विकली की महागाईपासूनचे संरक्षणही गेले, असे समजून घाबरणारे पुष्कळ भेटतात. तसे होत नाही.

दुसरी शंका अधिक तात्त्विक आहे आणि मी तिला हलकी मानत नाही. सरकार म्हणजे सावकार नव्हे, तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या माणसाकडून त्याच्याच पेन्शनवर त्याने व्याज का घ्यावे? याला माझे उत्तर असे की ही एकरकमी रक्कम सरकारी तिजोरीतून आज बाहेर जाते आणि सरकार स्वतः कर्जावर व्याज भरते. ज्याने पेन्शन विकली नाही, तोही तितकीच वर्षे सेवा केलेला असतो. विकणाऱ्याला बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यायची, तर न विकणाऱ्याचे काय? दोघांना सारखे वागवायचे असेल तर व्याज धरावेच लागते. सेवेबद्दल कृतज्ञता दाखवायची तर पेन्शनच वाढवावी, म्हणजे ती सर्वांना मिळेल. किती व्याज धरावे हा प्रश्न मात्र खुला आहे, आणि सरकार ज्या दराने कर्ज उभारते त्याच्या आसपास तो असावा, असे मला वाटते.

आता ज्याला अर्जावर सही करायची आहे त्याच्याकडे वळू. तक्ता न्याय्य आहे की नाही हा त्याच्या हातातला प्रश्न नाही. तक्ता आहे तो आहे. त्याने पाहायचे ते एवढेच की आपला स्वतःचा दर कोणता. एखाद्याच्या डोक्यावर १२ टक्के व्याजाचे कर्ज असेल तर त्याच्यासाठी आजच्या पैशाचे मोल वर्षाला १२ टक्के आहे, कारण हाती आलेला प्रत्येक रुपया तो त्या कर्जात भरून तेवढे व्याज नक्की वाचवू शकतो. १२ टक्क्यांनी वटवल्यावर पंधरा वर्षांच्या कपातीची आजची किंमत १७ लाख २३ हजार होते आणि हातात येतात १९ लाख ६७ हजार. अडीच लाखांच्या जवळपास फायदा, तोही मृत्यूची शक्यता हिशोबात न धरता. अशा माणसाने लुटीच्या गोष्टी ऐकत बसू नये. मात्र ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही, हे अर्ज भरताना बरेच जण विसरतात. कर्ज आठ लाखांचेच असेल तर ९८.३ ने भागून पाहावे. दरमहा ८,१४० रुपयांच्या आसपास पेन्शन विकून ते फिटते. उरलेली पेन्शन अशा मोलाने का विकावी, ज्या मोलाने ती रक्कम पुन्हा गुंतवून परत मिळणार नाही?

ज्याला कर्ज नाही आणि ज्याच्या उत्पन्नावर करही लागत नाही, त्याचा हिशोब उलट बाजूला झुकतो. तो पैसा सुरक्षित जागी ठेवणार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे, कमाल मर्यादा तीस लाख, मुदत पाच वर्षे. म्हणजे तो पैसा ९.४ टक्क्यांना उचलून आठाला ठेवणार. वर आलेली १ लाख ६२ हजारांची तफावत त्याच्या खिशातून जाईल. आणि पाच वर्षांनंतर दर काय असेल हे कोणी लिहून दिलेले नाही. तो ६ टक्क्यांवर आला आणि सगळी पंधरा वर्षे ६ च धरले, तर तफावत ४ लाख २८ हजारांपर्यंत जाते. वटाव दरात दोन टक्क्यांचा फरक म्हणजे आजच्या किमतीत अडीच लाखांहून अधिक फरक. म्हणून एकाच दराने हिशोब करून निश्चिंत होऊ नये; एक आशावादी दर आणि एक निराशावादी दर घेऊन दोनदा करावा. दोन्ही वेळा उत्तर एकाच बाजूला आले तरच ते पक्के मानावे.

कर भरणाऱ्याचे गणित पुन्हा वेगळे, आणि ते पाहिल्याशिवाय पेन्शन विकू नका असा सरसकट सल्ला देणारे चुकतात. विकलेली पेन्शन हातात न आल्याने तिच्यावर कर पडत नाही, आणि बदल्यात मिळालेली एकरकमी रक्कम करमुक्त आहे. समजा वरच्या वीस हजारांवर त्याला उपकरासह २०.८ टक्के कर पडला असता. तर विकल्यामुळे तो दरमहा खरोखर १५,८४० रुपयेच सोडतो. या आकड्याने दर काढला तर ९.४ ऐवजी ५.४ टक्के येतो. त्याची गुंतवणूक ८ टक्क्यांची असली आणि व्याजावर तोच कर भरला तरी हातात ६.३ टक्के उरतात. ५.४ ला घेतलेले ६.३ ला लावणे हा तोट्याचा सौदा नाही. तोच तक्ता, तीच पंधरा वर्षे, पण कराच्या टप्प्यानुसार एकाला नफा आणि दुसऱ्याला तोटा. करमर्यादा आणि पद्धती मात्र अर्थसंकल्पागणिक बदलतात. पंधरा वर्षांचा हिशोब आजच्या टप्प्यावर बेतणे ही एक अटकळच असते, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

राहिला मृत्यूचा प्रश्न. घरात तो मोठ्याने बोलला जात नाही, म्हणून हिशोबातही येत नाही, आणि तिथेच व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग गायब होतो. आपला माणूस सहा वर्षांनी गेला असे धरू. तोपर्यंत १४ लाख ४० हजार कापले गेले, ज्यांची ८ टक्क्यांनी आजची किंमत साडेअकरा लाख. हातात आले होते १९ लाख ६७ हजार, म्हणजे कुटुंबाला आजच्या किमतीत आठ लाखांहून अधिक लाभ. पूर्ण पंधरा वर्षे जगणाऱ्यांकडून जी जास्तीची रक्कम जाते, ती या लाभाची वर्गणी आहे. म्हणूनच तक्ता ८ टक्क्यांनी केलेला असूनही पंधरा वर्षे जगलेल्या माणसाला दर ९.४ पडतो, दोहोंमधले अंतर आधी गेलेल्यांची वसुली भरून काढते. गंभीर आजार असलेल्या आणि घरात कमावते दुसरे कोणी नसलेल्या माणसासाठी हा विमा मोलाचा आहे, तोही निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणीशिवाय मिळणारा. ज्याच्या घराण्यात माणसे ऐंशी-पंचाऐंशीपर्यंत धडधाकट राहतात, त्याने मात्र आपण ही वर्गणी दुसऱ्यांसाठी भरणार आहोत असेच धरून चालावे.

शेवटचा आक्षेप गणिताचा नाही, माणसाच्या स्वभावाचा आहे, आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. वटाव दराचा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे: आजचा रुपया खरोखर त्या दराने कामाला लागला पाहिजे. लागला नाही, तर आज मिळाल्याचा काहीच फायदा नाही. वीस लाख रुपये एकदम खात्यात आले की मुलीच्या लग्नाचा मांडव थोडा मोठा होतो, मुलाला धंद्यासाठी हातउसने दिले जातात, गावच्या घराला नवे छत येते. यातले काही वाईट नाही. पण मग ९.४ टक्क्यांना आणलेल्या पैशाचा परतावा समाधानाच्या रूपात मिळाला, हे मान्य करून तो खर्च करावा. आणि याच काळात दारी येणारा विक्रेता म्हणतो, दहा लाख भरा, पंधरा वर्षांनी वीस लाख हमखास, दुप्पट. पेन्शनच्या छत्तीस लाखांना लूट म्हणणारा माणूस या विसांना घबाड समजतो, हे मला नेहमी चमत्कारिक वाटते. दोन्हीकडे चूक एकच आहे. पंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ४.७ टक्के. ९.४ टक्क्यांना पेन्शन विकून ४.७ टक्क्यांची पॉलिसी घेणारा दोन्ही टोकांना कापला जातो. त्याने पेन्शन विकली नसती तरच बरे झाले असते. ज्याला आपल्या हातात पैसा टिकत नाही हे ठाऊक आहे, त्याने गणित काहीही सांगो, दरमहा येणारी पूर्ण पेन्शन राखावी. तिच्यातून कोणी एकदम वीस लाख मागू शकत नाही.

सही करण्याआधी बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आपण जुन्या पेन्शन योजनेत आहोत ना, हे पाहावे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची व्यवस्था वेगळी झाली आणि वरचा हिशोब त्यांना लागू होत नाही. राज्याच्या कर्मचाऱ्याने आपल्या विभागाचे चालू नियम आणि गुणक कार्यालयातून लेखी घ्यावेत, सहकाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये. एक वर्ष उलटू दिले तर वैद्यकीय तपासणी मागे लागते आणि वय वाढल्याने गुणकही घटतो. मासिक कपात ज्या तारखेपासून सुरू झाली ती पेन्शन अदायगी आदेशाच्या प्रतीवर नोंदलेली आहे की नाही, हे पाहावे आणि तिच्यात पंधरा वर्षे मिळवून येणारी तारीख घरातल्या दुसऱ्या कोणालातरी सांगून ठेवावी. त्या महिन्यात बँकेने पेन्शन पूर्ववत केली नाही, तर पेन्शन शाखेकडे आदेशाची प्रत जोडून अर्ज करावा आणि मधल्या महिन्यांची थकबाकी मागावी. पंचाहत्तरीच्या माणसाच्या पासबुकात वीस हजार कमी येत राहिले तर ते त्याच्या सहज लक्षात येईलच असे नाही.